नगरचं जड पाणी : उकळावं, सोडा घालावा की रेझिन बसवावं?

राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यात नवं बोअर लागलं की पहिला प्रश्न असतो, पाणी किती इंची लागलं. दुसरा प्रश्न पंधरा दिवसांनी न्हाणीघरातून येतो. साबण फेसत नाही, केस चिकट राहतात, बादलीच्या कडेला पांढरं कडं बसतं आणि तुरीची डाळ दोन शिट्ट्या जास्त घेते. मग कुणी तुरटी फिरवायला सांगतं, कुणी फिल्टर बसवायला, कुणी पाण्याच्या पाइपला चुंबक लावणाऱ्याचा नंबर देतं. या सल्ल्यांपैकी कोणता कुठे लागू पडतो हे पाण्यात कठीणपणा किती आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं. आजचं व्याख्यान त्या जातींविषयी आहे.

नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, बेसॉल्टवर वसलेला आहे. इथे चुनखडकाचे डोंगर नाहीत, तरी पाण्यात चुना येतो. त्याची वाट अशी. पावसाचं पाणी मातीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांना हळूहळू पोखरतं; त्यांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बाहेर पडतात. काळ्या जमिनीत नांगराला लागणारे पांढरे खडे, ज्यांना आपण चुनखडी म्हणतो, तेही याच पाण्यात विरघळतात. विहिरीत पोहोचेपर्यंत पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं तयार झालेली असतात. अकोल्याच्या डोंगराकडच्या विहिरींचं पाणी बहुतेक या प्रकारचं. ही पहिली जात, तात्पुरता कठीणपणा.

प्रवरा खाली उतरते तसं चित्र बदलतं. भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत गेलं आणि संगमनेरपासून श्रीरामपूर-नेवाशापर्यंत ऊस उभा राहिला. उसाला दिलेल्या पाण्यातलं बरंचसं बाष्प होऊन उडून जातं, क्षार मात्र जमिनीत राहतात. खतांतले क्षारही त्यांत मिळतात. पुढच्या पाळीचं पाणी ते सगळं धुऊन विहिरीत नेतं, विहिरीचं पाणी पुन्हा शेतात येतं आणि प्रत्येक फेरीत थोडं अधिक दाट होतं. या पाण्यात बायकार्बोनेटच्या जोडीला क्लोराइड आणि सल्फेट येतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम ज्या भागात या दोघांच्या वाट्याला येतात, तो भाग म्हणजे दुसरी जात, कायमचा कठीणपणा. एकाच नदीच्या काठाने वरून खाली गेलं तर पहिल्या जातीतून दुसरीत शिरता येतं. जिल्ह्याच्या नकाशावर रसायनशास्त्राचा धडा इतका सरळ आखलेला क्वचित सापडतो.

आता मोजणी. पाण्याचा कठीणपणा सगळा कॅल्शियम कार्बोनेटचाच आहे असं मानून मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये सांगतात. भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, पिण्याच्या पाण्यासाठी 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना दिला की अहवालात ‘एकूण कठीणपणा’ हा आकडा येतोच. बहुतेक लोक तेवढा वाचून कागद घडी करतात. खरं तर त्याच कागदावर आणखी एक ओळ असते, ‘एकूण अल्कता’. विहिरीच्या पाण्यात ही अल्कता जवळपास सगळी बायकार्बोनेटची असते आणि तीही कॅल्शियम कार्बोनेटच्याच मापात दिलेली असते. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवले की पाण्याची जात कळते. अल्कतेइतका कठीणपणा तात्पुरता, तिच्यावरचा कायमचा. अल्कता कठीणपणाहून जास्त निघाली तर सगळा कठीणपणा तात्पुरता आणि वरची अल्कता सोडियम बायकार्बोनेटची. असं पाणी न्हाणीघराला सोपं असलं तरी शेताला वाईट असतं. त्याचं कारण पुढे येईल.

हिशेबासाठी खालच्या प्रवरा खोऱ्यात शोभेल असं एक पाणी धरू. एकूण कठीणपणा 540, त्यात कॅल्शियमचा वाटा 300 आणि मॅग्नेशियमचा 240, अल्कता 330. म्हणजे तात्पुरता कठीणपणा 330 आणि कायमचा 210. पुढचा सगळा हिशेब याच पाण्यावर.

पहिला उपाय उकळण्याचा. बायकार्बोनेट हे अस्थिर संयुग आहे. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि जे विरघळलेलं होतं ते न विरघळणारं होऊन तळाशी बसतं :

Ca(HCO3)2 → CaCO3 + CO2 + H2O

पातेल्याच्या तळाची पांढरी खपली, गिझरच्या कॉइलवरचा थर, सोलर हीटरच्या नळ्यांतला कीस, हे सगळं या एका ओळीचं काम. त्यासाठी उकळी फुटायलाच हवी असं नाही; साठ अंशांच्या आसपास थर धरायला लागतो, म्हणून गिझरचं तापमान कमी ठेवलं तर कॉइल जास्त दिवस टिकते. ठिबकच्या काळ्या नळ्या उन्हात तापतात तेव्हा ड्रिपरच्या तोंडाशी हीच क्रिया सावकाश होते आणि तोंड बुजतं. शेतकरी ठिबकमध्ये आम्ल सोडतात ते हाच चुना विरघळवण्यासाठी.

आपलं धरलेलं पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळलं, निवू दिलं आणि वरचं अलगद ओतून घेतलं तर कठीणपणा 540 वरून साधारण 250 वर येईल. हिशेबाने 210 व्हायला हवा, पण कॅल्शियम कार्बोनेट थोडंसं विरघळलेलं राहतंच. शिवाय मॅग्नेशियमचं कार्बोनेट कॅल्शियमच्या मानाने बरंच विरघळतं, त्यामुळे ते पूर्ण खाली बसायला जास्त वेळ उकळावं लागतं. उरलेल्या 250 ला उकळी काहीच करत नाही. उलट पाणी आटत गेलं तर तो आकडा वाढतो, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. तासभर उकळून पाणी ‘हलकं’ करणाऱ्यांना हा भाग सांगितला की पटत नाही.

खर्चही बघावा. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून शंभरावर न्यायला सुमारे 31 मेगाजूल उष्णता लागते. गॅसच्या शेगडीवर निम्मी उष्णता पातेल्यात पोहोचते असं धरलं तर जवळजवळ 1.4 किलो गॅस जळतो. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा. म्हणजे एका सिलिंडरमध्ये हजारेक लिटर पाणी उकळून होतं आणि शंभर लिटरमागे तळाला बसतो तो सुमारे 29 ग्रॅम चुना. उकळणं हा अंघोळीचा किंवा धुण्याचा उपाय होत नाही. तो स्वयंपाकघराचा उपाय आहे, आणि तिथे तो खरोखर उपयोगी पडतो. डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला कॅल्शियम बांधून टाकतं म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो. आधी उकळून, निववून, गाळून घेतलेल्या पाण्यात निम्म्याहून जास्त कॅल्शियम गेलेलं असतं. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची आजीची रीतही काम करते, पण त्यात डाळीतलं ब जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं.

उकळायचं काम न उकळता करण्याची युक्ती स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या प्राध्यापकाने 1841 मध्ये पेटंट केली. तात्पुरता कठीणपणा घालवायला त्याने पाण्यात चुन्याची निवळी मिसळली. चुना घालून चुना काढायचा, हे ऐकताना चेष्टा वाटते. पण बायकार्बोनेटमधला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड चुनाच खाऊन टाकतो आणि दोघांचंही कार्बोनेट होऊन तळाला बसतं. माप मात्र काटेकोर लागतं; चुना जास्त झाला तर पाणी पुन्हा जड आणि वर तुरट. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांनी ही रीत उचलली, घरांनी नाही.

तुरटीविषयी इथेच बोललेलं बरं, कारण गावोगाव तिच्यावर भरवसा आहे. गढूळ पाणी निवळायला तुरटीसारखी वस्तू नाही. पण कठीणपणावर तिचा उपयोग शून्य आहे. तुरटीतलं ॲल्युमिनियम सल्फेट पाण्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटशी क्रिया करतं तेव्हा ॲल्युमिनियमचे पुंजके गाळ घेऊन खाली जातात आणि पाण्यात उरतं कॅल्शियम सल्फेट. एकूण आकडा होता तेवढाच राहतो. बदलते ती जात, आणि तीही वाईट दिशेने. जो कठीणपणा उकळून गेला असता, त्यातला थोडा आता उकळूनही जाणार नाही.

‘कायमचा’ हा शब्द तसा चुलीपुरताच खरा आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये तो टिकत नाही. प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात पहिल्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. आज जिल्ह्यात अशा कारखान्यांच्या चिमण्या अनेक आहेत. प्रत्येक चिमणीखालच्या बॉयलरला हा प्रश्न असतो. कॅल्शियम सल्फेट गरम पाण्यात कमी विरघळतं, साखरेच्या अगदी उलट. दाबाखाली पाण्याचं तापमान शंभराच्या खूप वर गेलं की ते सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे नळीच्या भिंतीवरच बसतं. चुन्याची खपली भुसभुशीत असते, सल्फेटची दगडासारखी असते. ती उष्णता अडवते, मग आतून पाण्याने निवायची ती नळी लाल होऊन फुगते आणि फुटते. म्हणून बॉयलरला विहिरीचं पाणी तसंच कुणी देत नाही. रसाच्या वाफेचं थंड होऊन परत आलेलं पाणी वापरतात आणि कमी पडेल तेवढ्यात रेझिनमधून काढलेलं पाणी घालतात.

कायमच्या कठीणपणावर घरात चालणारा उपाय म्हणजे धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. त्याचं काम साधं आहे. कॅल्शियम ज्याच्या सोबतीने आला असेल, बायकार्बोनेट असो, क्लोराइड असो की सल्फेट, सोड्यातलं कार्बोनेट त्याला पकडून तळाला नेतं आणि त्याच्या जागी पाण्यात सोडियम राहतो. दोन्ही जातींना एकच औषध.

किती घालायचा ते मोजता येतं. आपल्या पाण्याच्या पंधरा लिटरच्या बादलीत 8 ग्रॅमच्या थोडा वर कठीणपणा आहे. एक ग्रॅम कठीणपणाला कोरडा सोडा लागतो 1.06 ग्रॅम, म्हणजे बादलीला साधारण 9 ग्रॅम. सोडा स्फटिकाच्या खड्यांचा असेल तर बादलीला 23 ग्रॅम लागतो, कारण खड्याच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उघड्या डब्यात ठेवलेले खडे काही दिवसांत पांढरी भुकटी होतात. ते खराब झालेले नसतात, त्यांतलं पाणी उडालेलं असतं आणि तोच चमचा आता दुपटीहून जास्त जोरकस झालेला असतो. पाण्याबरोबर सोडा कसा वागतो हे न पाहता नेहमीच्या चमच्याने टाकणाऱ्याचे हात त्यामुळे चुरचुरतात.

सोडा टाकून लगेच कपडे बुडवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. कार्बोनेटला कॅल्शियमशी जुळून कण व्हायला वेळ लागतो, थंड पाण्यात अर्धा तास तरी. पाणी कोमट असलं तर काम लवकर होतं. बादलीत दुधाळ ढग दिसतो, मग तो खाली बसतो. तेवढा धीर धरला नाही तर हाच चुना कपड्याच्या धाग्यात बसतो, कापड राठ होतं आणि पांढऱ्या सदऱ्यावर राखाडी छटा येते. मॅग्नेशियम मात्र सोड्यालाही पुरता दाद देत नाही. त्याला काढायचं तर पाणी अधिक अल्कधर्मी करावं लागतं आणि सोड्याच्या जोडीला चुना घ्यावा लागतो. म्हणून आपल्या पाण्यात, जिथे मॅग्नेशियमचा वाटा 240 आहे, सोडा थोडा वाढवला तरी सगळा कठीणपणा जाणार नाही. साबण फेसण्याइतकं काम होतं, आणि धुण्यासाठी ते पुरे असतं.

साबणाचा हिशेबही याला जोडून बघण्यासारखा आहे. साबण हा स्निग्धाम्लाचा सोडियम क्षार. कॅल्शियमशी गाठ पडली की त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो, आणि फेस येण्याआधी पाण्यातला सगळा कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणानेच संपवावा लागतो. एक ग्रॅम कठीणपणा सहा ग्रॅम साबण खातो. म्हणजे आपली एक बादली सुमारे पन्नास ग्रॅम साबण नुसता गिळते, आणि मळाला हात लागायचा तो त्यानंतर. नऊ ग्रॅम सोड्याने यातलं बरंचसं टळतं. स्वस्त कपडे धुण्याच्या पावडरींत सोडा मोठ्या प्रमाणात असतो तो याच कारणाने; त्यातला डिटर्जंटही साबणासारखा कॅल्शियमने साकळत नाही. सोडा घातलेलं पाणी मात्र पिण्यासाठी नाही, ॲल्युमिनियमच्या पातेल्यासाठीही नाही. ते काळं पडतं आणि झिजतं.

तिसरा उपाय रेझिनचा, तो ऐकायला शहरी आहे. त्याचं मूळ मात्र शेतात आणि खडकात आहे, आणि या जिल्ह्याच्या तर फारच जवळ आहे. राहुरीजवळच्या मोमिन आखाड्यातून निघालेले हिरवे ॲपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहेत. बेसॉल्टच्या पोकळ्यांत त्यांच्या सोबतीला स्टिल्बाइटसारखी झिओलाइट असतात. झिओलाइटची रचना जाळीदार असते. जाळीवर ऋणभार असतो आणि तो फेडायला पोकळ्यांत कॅल्शियम, सोडियम असे धन आयन सैल बसलेले असतात. जाळी जागची हलत नाही, भाडेकरू बदलतात. नगरची काळी चिकण माती याच तत्त्वावर चालते. तिच्या पापुद्र्यांवरही असेच सैल आयन असतात.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते इंग्लंडमध्ये, शेणखताच्या नादात. यॉर्कशायरचा शेतकरी एच. एस. थॉम्पसन याने मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचं द्रावण ओतलं. खालून अमोनिया बाहेर येण्याऐवजी कॅल्शियम सल्फेट बाहेर आलं. मातीने अमोनियम ठेवून घेतला आणि तेवढा कॅल्शियम परत दिला. जे. थॉमस वे याने 1850 च्या सुमारास या अदलाबदलीचा रीतसर अभ्यास केला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन रसायनतज्ज्ञ रॉबर्ट गान्स याने कृत्रिम झिओलाइट बनवून त्यांतून जड पाणी सोडलं आणि ते मऊ होऊन आलं. 1935 मध्ये इंग्लंडमधल्या ॲडम्स आणि होम्स यांनी हेच काम करणारं प्लास्टिक, म्हणजे रेझिन तयार केलं. आज घरगुती सॉफ्टनरच्या टाकीत असतात ते पॉलिस्टायरीनचे पिवळसर-तांबूस मणी, मोहरीहून बारीक. प्रत्येक मण्याच्या अंगभर सल्फोनिक गट आणि प्रत्येक गटाला एक सोडियम.

पाणी मण्यांमधून उतरताना एक कॅल्शियम आत जातो, दोन सोडियम बाहेर येतात. जात तात्पुरती असो की कायमची, रेझिनला फरक पडत नाही आणि मॅग्नेशियमही सुटत नाही. त्यामुळे 540 चं पाणी दहाच्या खाली येऊ शकतं. काही हजार लिटरनंतर मण्यांवरचा सोडियम संपतो. तेव्हा टाकीत मिठाचं दाट पाणी, साधारण दहा टक्क्यांचं, सोडतात आणि सोडियम परत येऊन कॅल्शियमला हाकलतो. जो सोडियम विहिरीच्या पाण्यात कॅल्शियमपुढे हरला, तो मिठाच्या पाण्यात कसा जिंकतो? दोन भारांचा कॅल्शियम रेझिनला अधिक घट्ट धरतो खरा, पण ही पकड पाणी पातळ असतानाच भारी पडते. द्रावण दाट होत गेलं की कॅल्शियमची बाजू उतरते. म्हणूनच मीठ हळूहळू थेंबथेंब सोडून चालत नाही. ते दाटच लागतं.

पंचवीस लिटर रेझिनची टाकी घेऊ. नेहमीच्या मीठवापरात एक लिटर रेझिन सुमारे 50 ग्रॅम कठीणपणा धरतं, म्हणजे टाकी 1250 ग्रॅम. आपल्या पाण्याच्या हिशेबाने ती 2300 लिटरवर भरते. पाच माणसांचं घर, माणशी 135 लिटर, तर साडेतीन दिवसांत. प्रत्येक वेळी आधी पाणी उलट दिशेने सोडून मणी मोकळे करायचे, मग तीन किलो मीठ विरघळवून वीस-तीस मिनिटं सावकाश जाऊ द्यायचं, मग खारटपणा जाईपर्यंत धुवायचं. नुसत्या रसायनाच्या हिशेबाने दीड किलो मीठ पुरलं असतं, पण तेवढ्यात मणी पूर्ण सुटत नाहीत. वर्षाला हे मीठ सव्वातीनशे किलोच्या घरात जातं.

विकणारे इथे एक गंमत करतात. टीडीएस मीटर काढून ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवतात. खरं तर सॉफ्टनरने टीडीएस कमी होतच नाही. 40 वजनाच्या कॅल्शियमच्या जागी 23 वजनाचे दोन सोडियम येतात, म्हणजे आकडा किंचित वाढतो. मीटरने आकडा खाली आलेला दाखवला तर ते यंत्र सॉफ्टनर नाही, आरओ आहे. आणि पाइपला चुंबक लावणारा असेल तर त्याच्याकडे कठीणपणाचा आकडा मागावा. चुंबकातून गेलेल्या पाण्यात कॅल्शियम होता तेवढाच राहतो.

सॉफ्टनर काम करतो की नाही हे ओळखायची खरी रीत थेंबांच्या किटची. नमुन्यात बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घातलं की कठीण पाणी वाइनसारखं लाल होतं. मग ईडीटीएचे थेंब मोजत टाकायचे. रंग निळा झाला की थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. सॉफ्टनरचं पाणी पहिल्यापासूनच निळं राहिलं पाहिजे. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर मणी तपकिरी पडतात आणि मीठ टाकूनही ताकद परत येत नाही. त्या घराने आधी लोहाची सोय करायला हवी. किट नसलं तर झाकणाच्या स्वच्छ बाटलीत पाणी आणि साबणाचे थोडे थेंब घालून हलवावं. फेस टिकला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर मणी शाबूत आहेत.

आरोग्याची भीती आणि आरोग्याचा धोका इथे उलटसुलट आहेत. जड पाण्याने मुतखडा होतो हे नगरमध्ये सर्रास मानलं जातं. अभ्यासांतून ते ठामपणे सिद्ध झालेलं नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा दिलेली नाही. सॉफ्टनरच्या पाण्यात मात्र 540 घालवताना लिटरमागे सुमारे 250 मिलिग्रॅम सोडियम वाढतो. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाने ते पिऊ नये. म्हणून स्वयंपाकघराचा एक नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढतात.

मोठा धोका नाल्यात जातो. टाकी एकदा धुतली की तीन किलो मिठापैकी निम्मं मीठ आणि सुमारे 1.3 किलो कॅल्शियम-मॅग्नेशियमचं क्लोराइड बाहेर पडतं. मळ्यातल्या बंगल्यात हे पाणी परसबागेला सोडून देण्याची पद्धत दिसते. तिथे रेझिनमध्ये घडलेलीच अदलाबदल मातीत घडते. चिकणमातीवरचा कॅल्शियम सुटतो, त्या जागी सोडियम बसतो, मातीची कणरचना मोडते. पाणी जिरेनासं होतं, सुकल्यावर वर कडक पापडी येते. हीच चोपण जमीन. घरातलं मऊ पाणी कुंड्यांना घातलं तरी सावकाश हेच होतं, आणि ज्या विहिरीच्या पाण्यात अल्कता कठीणपणाहून जास्त असते तीही शेताला याच मार्गाने बिघडवते. चोपण सुधारायला माती परीक्षण करून जिप्सम घालतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जो क्षार बॉयलरमध्ये शत्रू, तो या शेतात सोडियमला हाकलणारा. आणि हाकललेला सोडियम वाहून जायला चर नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो.

म्हणून अशा पाण्याच्या घरात सगळ्या नळांवर सॉफ्टनर लावण्याची गरज नसते. गिझर आणि धुण्याचं यंत्र एवढ्या दोन जोडांवरच तो बसवला आणि रोजचा वापर 200 लिटरवर आला, तर तीच टाकी अकरा-बारा दिवस चालते, वर्षाचं मीठ शंभर किलोच्या आत येतं आणि नाल्यात जाणारा क्षारही त्याच प्रमाणात घटतो. टाकी धुतलेलं पाणी गटार नसलेल्या वस्तीवर शोषखड्ड्यात सोडलं तर ते विहिरीत उतरू शकतं. बंदिस्त नाल्याला जोडता येत असेल तरच ते यंत्र घ्यावं. नाला नसलेल्या मळ्यावर धुण्यासाठी सोडा आणि स्वयंपाकाला उकळून गाळलेलं पाणी, इतकंच करावं. त्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालातली अल्कतेची ओळ आधी वाचावी लागते. 540 च्या जोडीला 330 च्या ऐवजी 500 लिहिलेली असली तर उकळून जवळपास सगळं काम होतं, आणि 120 लिहिलेली असली तर गॅस जाळण्यात अर्थ नाही.